पहिल्या येणाऱ्या मुलीला ब-१ का?

मैत्रिणींनो,

प्रगतिपुस्तक वाटायच्या दिवशी गणिताच्या बाईंभोवती पालकांचा गराडा पडतो, इंग्रजीच्या सरांभोवती पडतो, पण खेळाच्या बाईकडे सहसा कुणी फिरकत नाही. मी आपली मैदानाच्या कडेला चुन्याची फक्की आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या आवरत असते. गेल्या वर्षी मात्र सातवीतल्या एका मुलीची आई थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. प्रगतिपुस्तक उघडून शारीरिक शिक्षणाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,

"बाई, हे काय? माझी मुलगी जिल्ह्याला धावून आली. वर्गात तिच्यापुढे कुणी जात नाही. तिला ब-१? आणि जी पोर सगळ्यात शेवटी लटपटत येते, तिलाही ब-१? मग धावायचं तरी कशाला?"

प्रश्न रागाने विचारलेला होता, पण खोटा नव्हता. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि ते तिला पटलं नाही. उभ्या उभ्या द्यायचं हे उत्तरच नव्हे, हे माझ्याही लक्षात आलं. म्हणून त्या रात्री जेवणं उरकल्यावर बसले आणि सगळ्या पालकांना एक पत्र लिहिलं. त्यातलंच आज तुम्हांला सांगते, कारण तुमच्याही घरात दर सहा महिन्यांनी असं एक प्रगतिपुस्तक येत असेल आणि त्यातली ही ओळ तुम्ही एक तर वाचत नसाल, नाही तर वाचून चकित होत असाल.

आधी हिशेब सांगते. २०१० साली आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शारीरिक शिक्षणाला लेखी पेपर नाही. शिक्षकाने वर्षभर ठेवलेल्या नोंदींवरून शंभरपैकी गुण काढायचे आणि त्यांची श्रेणी लिहायची. मी त्या शंभराचे तीन भाग करते. चाळीस गुण क्षमतेचे आणि कौशल्याचे, म्हणजे किती वेगात धावली, चेंडू कसा झेलला, उडी किती लांब गेली. तीस सहभागाचे, म्हणजे किती तासांना ती खरोखर मैदानात उतरली. उरलेले तीस प्रयत्नाचे. एकाहत्तर ते ऐंशी गुणांना ब-१ श्रेणी मिळते.

आता या दोन मुलींकडे येते. नावं सांगत नाही. एकीला थोरली म्हणू, दुसरीला धाकटी, कारण एकाच वर्गात असल्या तरी त्यांच्या वयात अकरा महिन्यांचं अंतर आहे. आमच्या मैदानावर दीडशे मीटरची फेरी आखलेली आहे. चार फेऱ्या म्हणजे सहाशे मीटर. नोव्हेंबरअखेर एकदा आणि मार्चच्या सुरुवातीला एकदा, सकाळच्या एकाच वेळेला, मी सगळ्यांना ते अंतर पार करायला लावते. धावा, दमलात तर चाला, पण पूर्ण करा, एवढाच नियम. पावसाळ्यातली वेळ मी मोजणीत धरत नाही. चिखलात सगळ्याच हळू होतात, आणि मग मैदान वाळलं की सगळ्यांची "प्रगती" झालेली दिसते.

थोरलीने नोव्हेंबरात सहाशे मीटर दोन मिनिटं पाच सेकंदांत पुरे केले. मार्चमध्ये तिला दोन मिनिटं वीस सेकंद लागले. पंधरा सेकंद जास्त, तरीही वर्गात पहिलीच. धाकटीला नोव्हेंबरात चार मिनिटं वीस सेकंद लागले होते, त्यातल्या दोन फेऱ्या तिने चालत काढल्या. मार्चमध्ये तीन मिनिटं पन्नास सेकंद, आणि चालणं फक्त अर्ध्या फेरीचं. तीस सेकंद कमी, तरीही वर्गात शेवटचीच.

थांबल्याबरोबर मी मुलींना एकमेकींची नाडी मोजायला लावते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं हलकी ठेवायची आणि पंधरा सेकंदांत पडलेले ठोके चारने गुणायचे. हे लगेच करावं लागतं. मिनिटभर गप्पा मारल्या की ठोके झपाट्याने उतरतात आणि आकडा निरुपयोगी होतो. थोरलीचे पंधरा सेकंदांत अडतीस ठोके भरले, म्हणजे मिनिटाला एकशे बावन्न. धाकटीचे अठ्ठेचाळीस, म्हणजे एकशे ब्याण्णव. या वयाच्या मुलांचं हृदय पूर्ण जोर लावल्यावर साधारण दोनशेच्या आसपास जातं. म्हणजे शेवटी आलेली मुलगी आपल्या ताकदीच्या जवळजवळ टोकाला जाऊन आली होती, आणि पहिली आलेली फिरायला गेल्यासारखी धावली होती.

सत्रात खेळाचे तीस तास झाले. धाकटी एकोणतीस तासांना उतरली. थोरली अठरा. उरलेल्या बारांत ती आजारी नव्हती. आपल्या आवडीचा गट मिळाला नाही, आज नुसतेच व्यायाम आहेत, असं म्हणून पायरीवर बसून राहिली. तेव्हा थोरलीला क्षमतेचे चाळीसपैकी अडतीस, सहभागाचे अठरा आणि प्रयत्नाचे पंधरा, एकूण एकाहत्तर. धाकटीला क्षमतेचे एकोणीस, सहभागाचे एकोणतीस आणि प्रयत्नाचे सव्वीस, एकूण चौऱ्याहत्तर. दोघींना ब-१.

हे वाचून एका मुलीच्या वडिलांनी उलटटपाली चिठ्ठी पाठवली. त्यांचं म्हणणं असं, की गणितात कष्ट केले म्हणून कुणी गुण देत नाही, उत्तर बरोबर यावं लागतं. मग खेळातच ही दयामाया का?

दयामाया नाही हो! गणितातसुद्धा उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतातच. पण मुख्य मुद्दा दुसरा आहे. बेरीज-गुणाकार येणं हे शाळेने शिकवलेलं असतं, म्हणून त्याची परीक्षा घ्यायची. सातवीतल्या मुलीच्या धावण्याच्या वेळेत मात्र शाळेचा वाटा किती आणि देवदत्त गोष्टींचा किती, हे जरा पाहायला हवं.

या वयात मुलींची उंची सगळ्यांत झपाट्याने वाढते. सरासरीने हा काळ बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कुणाला दहाव्या वर्षी, कुणाला तेराव्या-चौदाव्या वर्षी. तुम्ही आया आहात, तुम्हांला हे मी काय सांगायचं? एकीचा फ्रॉक सहा महिन्यांत आखूड होतो, तिच्याच वयाच्या शेजारणीच्या मुलीला दोन वर्षं तोच पुरतो. थोरली धाकटीपेक्षा वीतभर उंच आहे. तिचं एक पाऊल म्हणजे धाकटीची सव्वा पावलं. त्यात पुन्हा अकरा महिने मोठी. कॅनडात १९८५ साली काही अभ्यासकांनी बर्फावरच्या हॉकीतल्या निवडक खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार जास्त निघाले. तिथे वयोगटाची तारीख एक जानेवारी होती. लहानपणी थोडीशी मोठी असलेली मुलं उजवी दिसली, त्यांची निवड झाली, त्यांना चांगलं शिकवणं मिळालं, आणि ती पुढे गेली. म्हणजे ज्याला आपण सरसकट "अंगचा गुण" म्हणतो, त्यात जन्मतारखेचाही हात असतो.

मी नुसत्या वेळेवर श्रेणी दिली, तर प्रगतिपुस्तकात मी काय लिहिलेलं असेल? मुलीची उंची, तिचा जन्ममहिना, आईबापांकडून आलेली काठी आणि गल्लीत खेळायला मोकळी जागा आहे की नाही, एवढंच. त्यात मी शिकवलेलं काहीच नाही. आणि तिने शिकलेलंही फार थोडं.

मग मी शिकवते तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी. माझ्याकडे आठवड्याला दोन तास, तेही पस्तीस मिनिटांचे. त्यातली पाच मिनिटं रांगेत जातात. एवढ्यात मी कुणाला बलवान करू शकत नाही. अंग कसं तापवायचं, दमल्यावर एकदम न बसता चालत राहायचं, हरल्यावर डाव न सोडता पुढचा खेळायचा, आणि उद्याही उतरायचं, ही सवय मात्र लावू शकते. जे शिकवते तेच तपासते. ज्यांना फक्त वेगाचा मान हवा, त्यांच्यासाठी शर्यत आहेच. क्रीडामहोत्सवात फीत तोडेल तिलाच पहिलं प्रशस्तिपत्र; तिथे मी कुणाचे कष्ट मोजत नाही. थोरलीच्या भिंतीवर अशी चार प्रशस्तिपत्रं आहेत, आणि ती तिचीच आहेत. पदक शर्यतीचं असतं, श्रेणी वर्षभराच्या तासांची.

आता, मैत्रिणींनो, या पद्धतीतली खोट सांगते. तीही मी पत्रात लिहिली होती. लिहायला हात जड झाला, पण लिहिली.

वेग घड्याळात दिसतो. प्रयत्न कुठे दिसतो? पूर्वी मी तो चेहऱ्यावर बघायची. लाल झालेला चेहरा, गळणारा घाम, "बाई, मी करते" असा उत्साह दिसला की गुण. आणि जी गप्प, मागे मागे राहते, तिच्या नावापुढे शेरा. काही वर्षांपूर्वी एका मुलीपुढे मी लिहिलं होतं, "अंग चोरते." एक फेरी झाली की ती कडेला बसायची. मी ओरडायची, ती उठायची, चार पावलं टाकायची, पुन्हा बसायची. प्रयत्नाचे तिला मी तीसपैकी सहा दिले.

सुट्टीनंतर तिची आई रक्ताचा कागद घेऊन आली. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन. बारा ते चौदा वर्षांच्या मुलीचं बाराच्या खाली गेलं तरी त्याला रक्तक्षय म्हणतात. आई म्हणाली, "बाई, ती जिना चढताना मधे बसायची. आम्हांलाही वाटायचं, आळस आहे. सासूबाई तर रोज बोलायच्या तिला."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ज्या मुलीच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायला पुरेसं लोह नव्हतं, तिची एक फेरी म्हणजे दुसरीच्या चार फेऱ्या. त्या वर्गात सगळ्यांत जास्त कष्ट कदाचित तिनेच केले होते, आणि सहा गुण तिलाच होते. प्रगतिपुस्तक तोवर घरी गेलेलं होतं. मी माझ्या नोंदवहीतला शेरा खोडला, आणि तिला बोलावून चुकले म्हणून सांगितलं. तिने "असू दे बाई" म्हटलं. ते मला अजून ऐकू येतं.

नाडी मोजायला मी त्यानंतर लागले. त्या मुलीची नाडी त्या वेळी कुणी मोजली असती, तर एका फेरीनंतरच ती पळत सुटलेली सापडली असती. पण नाडीलाही मी गुण देत नाही. ऊन, भीती, ताप, रक्तक्षय या सगळ्यांनी ती वाढते, आणि मुली मोजताना चुकतातही. ती माझी फक्त साक्षीदार. डोळ्यांना दिसलेलं आणि नाडीने सांगितलेलं जुळलं नाही, तर मी मुलीला बाजूला घेऊन विचारते. वेळेत झालेल्या सुधारणेचंही तसंच. आधीच उत्तम धावणाऱ्या मुलीला सुधारायला जागाच कमी असते. तिने आपली वेळ टिकवली तरी मी पूर्ण गुण देते. आणि काही चतुर मुली पहिल्या वेळी मुद्दाम हळू धावतात, म्हणजे दुसऱ्या वेळी प्रगती दिसावी! त्यांचं बिंगही नाडीच फोडते. पहिल्या वेळी त्यांचे ठोके चढलेलेच नसतात.

थोरलीला मी पंधरा दिले ते तिची वेळ पंधरा सेकंदांनी वाढली म्हणून नव्हे. तिला ताप नव्हता, पाय दुखत नव्हता, नाडी शांत होती. विचारलं तर हसून म्हणाली, "आज कंटाळा आला होता, बाई." मगच दिले.

हे सगळं नीट चालायचं तर तुमची मदत लागते, आणि ती कशी, ते सांगते. "हिला खेळाला घेऊ नये" एवढीच चिठ्ठी पाठवू नका. का, ते लिहा. आजारपणाचे तास मी मोजणीतून वगळते, त्याने एकही गुण जात नाही. दमा असेल तर कळवा. डॉक्टरांनी खेळण्याआधी घ्यायला सांगितलेला पंप दप्तरात ठेवा आणि मला दाखवून ठेवा. अशी मुलगी हळूहळू अंग तापवून बहुधा खेळू शकते, एकदम पळवलं तर मात्र धाप लागते. पाळीचे दिवस असतील तर तेही संकोच न करता लिहा. निरोगी मुलीला त्या दिवसांत खेळायला मनाई नाही. पोटात दुखत असेल तर मी तिला वेळ मोजायला किंवा गुणफलक सांभाळायला देते, आणि तो पूर्ण सहभाग धरते. आणि मुलगी एकाएकी मागे पडायला लागली, जिन्यात धापा टाकायला लागली, ओठ आणि पापण्यांच्या आतला भाग फिकट दिसला, तर आळशी म्हणण्याआधी रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी एकोणसाठ जणींना रक्तक्षय आढळला. आपल्या घरात नसेलच, असं धरून चालू नका.

पत्र मिळाल्यावर थोरलीची आई पुन्हा आली. या वेळी रागावलेली नव्हती, पण पूर्ण पटलंही नव्हतं. म्हणाली, "बाई, दोघींना सारखंच, हे मला अजून जड जातं. पण मी तिला घरी विचारलं, की पंधरा सेकंद कुठे गेले? तर म्हणते, आई, मी पहिली येतेच ना, मग जोरात कशाला धावू?"

मी म्हटलं, "ताई, माझं सगळं पत्र तुमच्या मुलीने एका वाक्यात सांगितलं."

यंदा शाळा उघडल्यावर, पाऊस लागायच्या आत, थोरलीला मी एकटीला धावायला लावलं. बरोबर कुणी नाही. पुढे फक्त तिचा जुना आकडा, दोन मिनिटं पाच सेकंद. दोन मिनिटं दोन सेकंदांत आली आणि गवतावर आडवी पडली. नाडी मोजायला धाकटी बसली होती. पंधरा सेकंदांत एकोणपन्नास ठोके. धाकटीने बोटांवर गुणाकार केला आणि मला ओरडून सांगितलं, "बाई, एकशे शहाण्णव! माझ्यापेक्षा जास्त!"

तर मैत्रिणींनो, यापुढे प्रगतिपुस्तक हातात आलं की त्या ओळीवरची श्रेणी बघा आणि मुलीला एवढंच विचारा, "किती तास उतरलीस? मागच्यापेक्षा काय जास्त जमलं?" पहिली आली का, हे नंतर विचारलंत तरी चालेल.

तुमची,
एक खेळाची बाई